क्यूआर कोडमध्ये नुसता मजकूर असतो, त्याला अर्थ नंतर चिकटला

दुकानात पैसे द्यायला, वायफाय जोडायला, नंबर शेअर करायला आपण एकच चौकोनी ठिपक्यांचा कोड स्कॅन करतो, पण तो बनवताना यातलं एकही काम कोणाच्या डोक्यात नव्हतं. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या छोट्याशा टीमने तो बनवला आणि तोही गाड्यांच्या पार्ट्सच्या खोक्यांसाठी. साध्या बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावायची, त्यामुळे एकेका खोक्यावर बरेच बारकोड चिकटवावे लागायचे आणि कामगार दिवसभर ते एकामागून एक स्कॅन करून वैतागायचे.

माहिती आडवी-उभी दोन्हीकडे भरली की जास्त मावते हे तर उघडच होतं, खरी अडचण होती की स्कॅनरला कोड पटकन सापडणार कसा? म्हणून कोपऱ्यात ते तीन मोठे चौकोन आले. त्यातल्या कुठल्याही चौकोनाच्या मधोमधून कशीही रेघ ओढली तरी काळा-पांढरा-काळा-पांढरा-काळा हे पट्टे १:१:३:१:१ याच प्रमाणात येतात, मग कोड तिरका धरा नाहीतर उलटा. हे प्रमाण असंच मनाने ठरवलं नव्हतं, टीमने मासिकं, पत्रकं, खोकी असं ढीगभर छापील सामान तपासून त्यात सगळ्यात कमी वेळा दिसणारं प्रमाण शोधून काढलं, म्हणजे शेजारच्या अक्षरांनाच स्कॅनर कोड समजून बसणार नाही. मला तर सगळ्या कोडमधलं हेच काम सगळ्यात देखणं वाटतं. चौथ्या कोपऱ्यात असा मोठा चौकोन नाही, त्यावरून वर-खाली कळतं.

पेटंट डेन्सोकडेच राहिलं पण स्टँडर्डप्रमाणे कोड वापरणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं, २००० साली आयएसओ स्टँडर्ड झालं, २००२ च्या सुमारास जपानमध्ये कोड वाचणारे कॅमेरा फोन आले आणि कोड फॅक्टरीबाहेर पडला.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कोडला वायफाय, पैसे, कॉन्टॅक्ट यातलं काहीच कळत नाही, त्यात नुसता मजकूर असतो. त्या मजकुराचं काय करायचं हे फोन सुरुवातीचे शब्द बघून ठरवतो, आणि हे शब्द वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी ठरवलेत. कॉन्टॅक्टसाठी जपानच्या डोकोमो कंपनीने MECARD हा आटोपशीर प्रकार आणला, त्याआधीपासूनचा vCard पण चालतो पण त्यात पत्ता, हुद्दा, दोन-तीन ईमेल सगळं कोंबलं की ठिपके एवढे बारीक होतात की छोट्या कार्डावर छापलेला कोड फोन वाचतच नाही. दुकानांच्या पेमेंटसाठी कार्ड कंपन्यांच्या ईएमव्हीको या संस्थेने २०१७ मध्ये कॉमन फॉरमॅट काढला. वायफायचा फॉरमॅट झेब्रा क्रॉसिंग नावाच्या ओपन सोर्स लायब्ररीवाल्यांनी रुळवला, तो असा असतो:

```
WIFI:T:WPA;S:Baithak;P:nadikath;108;;
```

T म्हणजे सिक्युरिटीचा प्रकार, S नेटवर्कचं नाव, P पासवर्ड. वरच्या ओळीत एक चूक आहे. पासवर्ड आहे nadikath;108 पण फॉरमॅटमध्ये अर्धविराम म्हणजे "हा भाग संपला", त्यामुळे फोन nadikath एवढाच पासवर्ड घेतो, कोड अगदी झटकन स्कॅन होतो, नेटवर्कचं नावही बरोबर दिसतं आणि तरी कनेक्ट होत नाही. लोक मग राउटरला दोष देत बसतात. बरोबर ओळ अशी:

```
WIFI:T:WPA;S:Baithak;P:nadikath\;108;;
```

अर्धविराम, स्वल्पविराम, कोलन, दुहेरी अवतरण आणि खुद्द \ यांच्यापैकी काही नावात किंवा पासवर्डमध्ये असेल तर त्याच्या आधी \ लावायचा. चांगली जनरेटर ॲप्स हे आपोआप करतात, सगळीच करतात असं नाही, म्हणून छापायच्या आधी दुसऱ्या फोनवर खरंच कनेक्ट होतंय का ते बघा, नुसता कोड वाचला गेला यावर जाऊ नका.

मळलेला, थोडा फाटलेला कोडही चालतो ते त्यातल्या एरर करेक्शनमुळे, फॅक्टरीत तेल-घाण असणारच म्हणून ते पहिल्यापासून होतं. सगळ्यात वरच्या लेव्हलला जवळजवळ ३० टक्के भाग गेला तरी वाचता येतो, मधे लोगो टाकतात तो याच जोरावर. पण कडेची पांढरी चौकट, निदान चार ठिपक्यांएवढी, कापली तर कोड सापडायलाच अडचण येते, आणि डिझाइनच्या नादात नेमकी हीच कापली जाते.

आणि एक गोष्ट त्या फॅक्टरीत लागतच नव्हती: खोक्यावर लेबल कोणी लावलं हे सगळ्यांना माहीत असायचं, त्यामुळे कोडमध्ये "हा कोणी बनवला" याचा पुरावा ठेवलेलाच नाही. म्हणूनच दुकानाच्या कोडवर कोणी आपला स्टिकर चिकटवला तर दिसायला काही फरक नाही, मजकूर बरोबर वाचला की कोडचं काम संपलं. एरर करेक्शन डाग दुरुस्त करतं, लबाडी पकडत नाही. पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवर जे नाव येतं ते दुकानदाराला विचारून जुळवायचं, कारण ते नाव कागदावरून नाही, पेमेंट सिस्टिममधल्या खात्यावरून आलेलं असतं.