सॉल्व्हरने कामवाटणी

जितकी माणसे तितकीच कामे असताना, प्रत्येकाला एक काम देऊन एकूण खर्च किमान ठेवणारी जोडणी शोधणे, या प्रश्नाला ऑपरेशन्स रिसर्चमध्ये असाइनमेंट प्रॉब्लेम म्हणतात. हातगणितासाठी हॅरल्ड कून यांनी 1955 मध्ये मांडलेली हंगेरियन पद्धत वापरतात. एक्सेलमध्ये तेच उत्तर सॉल्व्हर या ॲड-इनने मिळते.

उदाहरणादाखल पुण्यातील भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तीन कारागीर आणि शाफ्ट, गियर व हौसिंग अशी तीन कामे आहेत असे मानू. पहिल्या कारागिराचा खर्च याच क्रमाने 400, 500 व 800 रुपये, दुसऱ्याचा 450, 900 व 850, तर तिसऱ्याचा 700, 650 व 600 रुपये आहे. सर्वांत स्वस्त म्हणून शाफ्ट पहिल्याला दिला, की उरलेल्या दोघांत कामे कशीही वाटली तरी बेरीज 1900 रुपयेच होते. हाच मोह सॉल्व्हर टाळतो.

खर्च `B2:D4` मध्ये लिहून `B8:D10` हे उत्तराचे कोष्टक रिकामे ठेवावे. त्यातील ओळींच्या बेरजा `E8:E10` मध्ये, स्तंभांच्या `B11:D11` मध्ये आणि एकूण खर्च `B13` मध्ये काढावा:

```
=SUMPRODUCT(B2:D4,B8:D10)
```

सॉल्व्हरमध्ये `Set Objective` ला `B13`, त्याखाली `Min` आणि `By Changing Variable Cells` ला `B8:D10` द्यावे. दोन्ही बेरजा 1 असाव्यात अशा अटी घालाव्यात, चल ऋण न होण्याच्या पर्यायावर खूण ठेवावी आणि `Simplex LP` निवडावे. उत्तरात गियर पहिल्याकडे, शाफ्ट दुसऱ्याकडे व हौसिंग तिसऱ्याकडे जाते आणि खर्च 1550 रुपये येतो. चौकटींत 0 किंवा 1 च यावा यासाठी `bin` अट अनेकजण घालतात, पण ती येथे अनावश्यक आहे, कारण या अटींची रचनाच अशी आहे, की सिम्प्लेक्स पद्धत ज्या कोपऱ्यावर थांबते तेथे पूर्णांकच असतात.

खरी फसगत रिकाम्या चौकटीने होते. दुसऱ्या कारागिराला गियर जमत नाही म्हणून `C3` कोरी सोडली, तर सूत्र तेथे शून्य खर्च धरते आणि सॉल्व्हर नेमके तेच काम त्याला देऊन 1000 रुपये हे दिसायला आकर्षक उत्तर काढतो. बेरीज अपेक्षेपेक्षा फारच कमी आली, तर प्रथम कोऱ्या चौकटी पाहाव्यात. अशा जागी 10000 सारखी मोठी संख्या लिहितात; मात्र `C9` = 0 अशी थेट अट घालणे अधिक स्वच्छ, कारण अवाजवी मोठ्या संख्येने आकडेमोडीची अचूकता बिघडू शकते.

कामांपेक्षा माणसे जास्त असल्यास ओळींची अट `<= 1` करावी, म्हणजे कोणीतरी मोकळा राहू शकतो. एक्सेलसोबत येणारा सॉल्व्हर 200 चलांपर्यंतच चालतो, त्यामुळे 14 माणसे व 14 कामे, म्हणजे 196 चौकटी, ही चौरस कोष्टकाची मर्यादा ठरते.