गाई की गायी? एका ‘य’ची पार्श्वभूमी

दुधाच्या एका पिशवीवर ‘गाईचे दूध’ छापलेले असते, तर शेजारच्या पिशवीवर ‘गायीचे दूध’. शाळेच्या निबंधात दोन्ही रूपे सापडतात, आणि एकाच वर्तमानपत्राच्या दोन पानांवरही सापडतात. ‘बायीचे’ मात्र कोणी लिहीत नाही, ‘लढायीत’ लिहिले तर लगेच खटकते, आणि ‘सवईने’पेक्षा ‘सवयीने’ बहुतेकांना बरे वाटते. उच्चार सगळीकडे जवळजवळ सारखाच असताना ‘य’ कुठे येतो, कुठे येत नाही आणि गाईपाशीच का घुटमळतो, हे पाहायला बरेच मागे जावे लागते.

आधी कानाचा प्रश्न. ‘य’ म्हणताना जीभ जिथे असते, जवळपास तिथेच ती ‘इ’ म्हणतानाही असते. म्हणून ‘आ’नंतर ‘ई’ म्हटली काय किंवा ‘यी’ म्हटली काय, फरक ऐकू येत नाही. ‘बाई’ आणि ‘गायी’ मोठ्याने म्हणून पाहा, यमक बिनचूक जुळते. पुढे ‘आ’ आला की गोष्ट बदलते. ‘बाई’चे अनेकवचन ‘बाया’, त्यातला ‘य’ कोणालाही ऐकू येतो, कारण तिथे जिभेला खरोखरच वर जाऊन खाली यावे लागते. म्हणजे ‘बाया’ ऐकून लिहिता येते, पण ‘गाई’ की ‘गायी’ हे शुद्धलेखन घालणाऱ्या गुरुजींनाही तोंडाने सांगता येणार नाही. कान जिथे निकाल देत नाही, तिथे परंपरा किंवा व्याकरण यांपैकी एकाला विचारावे लागते, आणि या शब्दाबाबत दोघांची उत्तरे वेगळी आहेत.

हा गुंता मराठीच्या जन्माआधीचा आहे. संस्कृतात ‘हरे’ आणि ‘इह’ जवळ आले की संधीच्या नियमाने ‘हरयिह’ होते. पण पाणिनी शाकल्य या जुन्या आचार्याचे मत नोंदवतो की अशा ठिकाणी ‘य’ गळतो आणि ‘हर इह’ राहते. लगेच आधीच्या सूत्रात शाकटायनाचे मत आहे : इथला ‘य’ ‘लघुप्रयत्नतर’, म्हणजे फार हलक्या प्रयत्नाने उच्चारलेला असतो. ‘यि’ लिहायचे की ‘इ’, असा हा वाद, आणि तो ‘गायी’-‘गाई’च्या वादाशी अगदी मिळताजुळता आहे.

प्राकृतात प्रश्न अधिक वाढला, कारण शब्दांच्या मधली व्यंजने भराभर गळून पडली. ‘नगर’मधला ‘ग’ गेला, ‘पाद’मधला ‘द’ गेला, आणि दोन स्वर एकमेकांना भिडून उभे राहिले : ‘णअर’, ‘पाअ’. बोलताना अशा दोन ‘अ’कारांच्या मधून हलकासा ‘य’ सरकतो. तो लिहायचा की नाही, यावर पोथ्यांच्या दोन परंपरा झाल्या. गाथासप्तशतीच्या दुसऱ्याच गाथेत ‘अमृत’साठी ‘अमिअं’ असे मोकळे रूप येते. जैन पोथ्यांत असे मोकळे स्वर फारसे ठेवत नाहीत, तिथे ‘नयर’, ‘सायर’ दिसते. बाराव्या शतकात गुजरातेत अणहिलपाटणला बसून हेमचंद्राने जे प्राकृत व्याकरण लिहिले, त्यात या सवयीला सूत्र दिले : ‘अवर्णो यश्रुतिः’. पाणिनीचा ‘लघुप्रयत्नतर’ हा शब्दही त्याने तिथे उचलला. सूत्राची मर्यादा मात्र काटेकोर आहे. व्यंजन गळल्यावर उरलेला स्वर ‘अ’ किंवा ‘आ’ असेल, आणि त्याच्या आधीही ‘अ’ किंवा ‘आ’ असेल, तरच ‘य’ची श्रुती, म्हणजे हलका ‘य’ ऐकू येणे. उरलेला स्वर ‘ई’ असेल तर नाही. म्हणून ‘नगर’चे ‘नयर’ होते, पण ‘राजीव’चे ‘राईव’ होते, ‘रायीव’ नव्हे.

ही यश्रुती मराठीत कधी टिकली, कधी विरघळली. ‘पाद’चा ‘पाअ’ आणि मग ‘पाय’ झाला, तो ‘य’ आजही आपण लिहितो. ‘कदली’चे ‘कयली’ होऊन पुढे ‘केळी’ झाली, ‘मदन’चे ‘मयण’ होऊन ‘मेण’ झाले. इथे ‘अय’ मिळून ‘ए’ झाल्यामुळे ‘य’चा मागमूस उरला नाही. संगमनेर, पारनेर या नावांतले ‘नेर’ही ‘नयर’चेच, असे व्युत्पत्तिकार मानतात. आणि त्याच ‘पाद’पासून ‘पादोन’मार्गे ‘पाऊण’ झाले, तिथे पुढे ‘ऊ’ असल्याने ‘य’ आलाच नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतल्या सर्वांत जुन्या ओळींपैकी एक कोरलेली आहे : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. आज आपण ‘करविले’ म्हणतो. मराठी लिहिती झाली तेव्हाच ‘य’ असा मधे उभा होता आणि नंतर निघून गेला.

आता गाय. संस्कृत ‘गो’ची लोकांत काय काय रूपे फिरत होती, याची यादी पतंजलीने महाभाष्यात दिली आहे : गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. त्याला ती ‘अपभ्रंश’ वाटत होती, म्हणून त्याने ती नावे ठेवण्यासाठी नोंदवली. आपल्याला मात्र त्या तक्रारीचा फायदा झाला. ‘गावी’तला ‘व’ गळला आणि प्राकृतात ‘गाई’ उरली. म्हणजे इतिहासात आधी ‘गाई’ आहे, आणि तीही एकवचनी.

मग ‘गाय’ कुठून आली? प्राकृतातून मराठीकडे येताना शब्दांच्या शेवटचे स्वर आधी ऱ्हस्व झाले आणि मग बहुतेक गळाले. ‘भित्ति’ची ‘भिंत’ झाली, ‘रत्ति’ची ‘रात’. शेवटची ‘इ’ व्यंजनावर होती, म्हणून ती निमूट गेली. ‘गाइ’मध्ये मात्र तिच्याआधी ‘आ’ होता. ती पूर्ण जाण्याऐवजी आखडली आणि ‘य’ होऊन राहिली : ‘गाय’. हा ‘य’ ‘पाय’मधल्या ‘य’चा सख्खा भाऊ नाही. ‘पाय’मधला दोन ‘अ’कारांच्या फटीत शिरलेला आहे, तर ‘गाय’मधला खुद्द ‘ई’चा अवशेष आहे. अनेकवचनात आणि सामान्यरूपात ती ‘ई’ गळाली नाही, दीर्घच राहिली. ‘भिंत’चे ‘भिंती’, तसे ‘गाय’चे ‘गाई’. ‘गाय’मधला ‘य’ काढून त्या जागी ‘ई’ बसवली, असे आपल्याला वाटते, पण घडले ते उलटे. ‘माय’ आणि ‘माई’ अशी जोडी मराठीत आहे, तिथे दोन्ही अवस्था वेगवेगळे शब्द म्हणून शेजारी नांदतात.

‘गायी’ लिहिणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नसतो, आणि असायची गरजही नाही. ते शब्दाकडे आज जसा आहे तसे पाहतात. मूळ शब्द ‘गाय’, त्याला ‘ई’ लावली की ‘गायी’. ‘भिंत’मधला ‘त’ ‘भिंती’त टिकतो, मग ‘गाय’मधला ‘य’ का जावा? युक्तिवाद बिनतोड आहे. ‘सोय’चे ‘सोयी’ आणि ‘सवय’चे ‘सवयी’ याच न्यायाने रूढ झाले. तिथे ‘गाई’सारखे जुने, ठसलेले रूप आड आले नाही. ‘सोईस्कर’ अजून दिसते आणि ‘सोयीस्कर’, ‘सोयिस्कर’ही दिसतात, म्हणजे तिथेही जुन्या सवयीची खूण आहेच. ‘गाई’ मात्र गाईगुरे, गाईम्हशी यांतून इतकी तोंडात आणि डोळ्यांत बसली होती की ‘गायी’ला तिची जागा पूर्ण घेता आली नाही.

अधिकृत नियमांनी इथे मदत केलेली नाही. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 साली आले, 1972 साली आणखी 4 जोडले गेले. त्यांत अनुस्वार आहेत, ऱ्हस्व-दीर्घ भरपूर आहे, ‘राहणे-पाहणे’सुद्धा आहे, पण ‘गाई’ की ‘गायी’ याला वाहिलेला नियम नाही. त्या काळचा मोठा वाद अनुस्वारांचा होता, बिचारी गाय कोणाच्या डोळ्यांसमोर नसावी.

तरी लिहिणाऱ्याला वाट काढता येते, कारण खरा संशय फार थोड्या शब्दांत आहे. शब्दाचे एकवचनी मूळ रूपच ‘ई’ने संपत असेल, तर ‘यी’ला जागा नाही : बाईला, लढाईत, महागाईने, चटईवर. त्यांच्या अनेकवचनात ‘य’ येतो, पण तो ‘ई’चाच बदललेला अवतार. ‘नदी’ची ‘नद्या’ होताना जे होते, तेच ‘चटई’ची ‘चटया’ होताना होते. आधी व्यंजन नसल्यामुळे तो ‘य’ जोडाक्षरात न अडकता सुटा दिसतो, एवढेच.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द दुसऱ्या टोकाला आहेत. ‘स्थायी’, ‘अनुयायी’, ‘उत्तरदायी’, ‘गायिका’ यांत ‘य’ हवाच. ‘स्था’, ‘या’, ‘दा’ असे आकारान्त धातू पुढच्या प्रत्ययाला भिडू नयेत म्हणून पाणिनीने तिथे ‘य’चा आगमच सांगितला आहे. कागदपत्रांत ‘स्थाई समिती’ दिसते ती ‘लढाई’च्या कळपात चुकून शिरलेली. ‘पायी चालत’ मधला ‘य’ही सोडू नये. ‘पाय’चे दुसरे एखादे रूप ‘य’शिवाय भेटत नाही : पाया पडणे, पायात, पायाला.

उरते ती गाय. मी ‘गाई’, ‘गाईचे’ लिहितो आणि ‘सोयी’, ‘सवयी’ लिहितो. यात विसंगती आहे हे मान्य, पण ती भाषेच्या इतिहासाने घडवलेली आहे. कोणी ‘गायीचे’ लिहिले तर मी ते चूक म्हणून खोडणार नाही, फक्त त्याच मजकुरात पुढे ‘गाईला’ आले तर थांबवीन. याला एक व्यवहारी कारणही आहे. संगणकाला ‘गाई’ म्हणजे तीन चिन्हे आणि ‘गायी’ म्हणजे चार. दोन रूपे मिसळलेल्या लेखात एकाचा शोध घेतला की दुसरे हाती लागत नाही, आणि निम्म्या गाई कळपाबाहेर राहतात.

काही समासांत मात्र हा प्रश्नच उरत नाही. ‘गायरान’, ‘गायमुख’ यांत एकवचनी ‘गाय’ अख्खी जाते, तिला ‘ई’ लागत नाही, म्हणून ‘य’ जागचा हलत नाही. आणि गाय विते तेव्हा तो पुन्हा एकदा फटीत शिरायला पाहतो : कोणी ‘गाय व्याली’ म्हणते, कोणी ‘गाय व्यायली’. तिथे निदान तो स्वच्छ ऐकू येतो, त्यामुळे जो जसे बोलतो तसे लिहू शकतो.