इंटिग्रल शून्य, क्षेत्रफळ आठ तृतीयांश

f(x) = x² − 2x या फंक्शनचं ० ते ३ या मर्यादांमध्ये इंटिग्रेशन केलं, तर उत्तर शून्य येतं. ताळा सोपा आहे. इंटिग्रेशन केल्यावर x³/3 − x² मिळतं. त्यात ३ घातले की ९ वजा ९, आणि ० घातला की शून्यच. आता याच फंक्शनचा आलेख काढा. ० पासून २ पर्यंत वक्र x-अक्षाच्या खाली उतरतो, १ पाशी सर्वात खोल जातो आणि २ नंतर अक्ष ओलांडून वर चढतो. वक्र आणि अक्ष यांच्यामध्ये दोन तुकडे स्पष्ट दिसतात. मग त्यांचं क्षेत्रफळ शून्य कसं?

‘निश्चित इंटिग्रल म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ’ हे वाक्य बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते खोटं नाही, पण वक्र सगळीकडे अक्षावर किंवा अक्षाच्या वरच असेल तेवढ्यापुरतंच खरं आहे. इंटिग्रलच्या व्याख्येत क्षेत्रफळ हा शब्द कुठेच येत नाही. मर्यादांमधल्या अंतराचे बारीक भाग पाडायचे, प्रत्येक भागाची रुंदी तिथल्या फंक्शनच्या किमतीने गुणायची, सगळे गुणाकार मिळवायचे आणि भाग अधिकाधिक बारीक केल्यावर बेरीज कुठे स्थिरावते ते पाहायचं, एवढीच व्याख्या.

आपल्या फंक्शनमध्ये x = १ पाशी ०.१ रुंदीची एक पट्टी घेऊ. तिथे फंक्शनची किंमत −१ आहे, म्हणून गुणाकार −०.१. कागदावरच्या पट्टीचं क्षेत्रफळ साधारण ०.१ आहे, पण बेरजेत ती वजा होऊन शिरते. ० ते २ मधल्या सगळ्या पट्ट्यांची हीच गत, आणि त्यांची बेरीज −४/३ भरते. २ ते ३ मधल्या पट्ट्या अधिक चिन्हाच्या. त्यांची बेरीज ४/३. दोन्ही मिळून शून्य. क्षेत्रफळ हवं असेल तर खालच्या तुकड्याचं चिन्ह बदलून घ्यायचं: ४/३ अधिक ४/३, म्हणजे ८/३.

मग व्याख्येतच किमतीचं चिन्ह काढून टाकलं असतं तर? समजा, इंटिग्रल म्हणजे निव्वळ क्षेत्रफळ असं ठरवलं. ० ते १ मध्ये सतत १ किंमत असणाऱ्या फंक्शनचं उत्तर १ येईल, आणि सतत −१ असणाऱ्याचंही १. या दोन फंक्शनांची बेरीज मात्र सगळीकडे शून्य आहे, तिचं क्षेत्रफळही शून्य. म्हणजे उत्तरांची बेरीज २ आणि बेरजेचं उत्तर ०! दोन फंक्शनं मिळवून इंटिग्रेट करा किंवा वेगवेगळी इंटिग्रेट करून मिळवा, उत्तर एकच, या नियमावर रोजची आकडेमोड चालते. तो नियमच कोसळला असता.

दुसरं कारण मला अधिक पटतं. x² − 2x हा सरळ रेषेत जाणाऱ्या वस्तूचा वेग माना, x म्हणजे सेकंद आणि अंतर मीटरमध्ये. पहिले दोन सेकंद वेग ऋण, म्हणजे वस्तू ४/३ मीटर मागे जाते. तिसऱ्या सेकंदात तेवढीच पुढे येऊन मूळ जागी पोचते. इंटिग्रल शून्य आलं ते विस्थापन, आणि ८/३ मीटर हे कापलेलं अंतर. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

शून्य किंवा ऋण उत्तर आलं की निदान शंका तरी येते. खरी फसगत होते ती धन उत्तराने. याच फंक्शनचं इंटिग्रल ० ते ४ घेतलं तर १६/३ येतं, आणि क्षेत्रफळ म्हणून ते सहज खपून जातं. खरं क्षेत्रफळ ८ आहे. फरक ८/३ चा, म्हणजे खालच्या तुकड्याच्या बरोबर दुप्पट: तो तुकडा मिळवायचा राहिला, शिवाय वरच्यातून वजाही झाला. शेवटच्या उत्तराला केवल मूल्याच्या उभ्या रेघा लावूनही काही साधत नाही, कारण १६/३ चं केवल मूल्य १६/३ च. रेघा लावायच्या त्या फंक्शनला, इंटिग्रेशन करण्याआधी.

म्हणून क्षेत्रफळ विचारलं असेल तर आधी f(x) = 0 सोडवावं. इथे x(x − 2) = 0, म्हणून ० आणि २. मर्यादांच्या आत पडणाऱ्या प्रत्येक उत्तरापाशी अंतर तोडायचं आणि प्रत्येक तुकड्यातला एक बिंदू घालून चिन्ह पाहायचं. कधी वक्र अक्षाला फक्त टेकून परत फिरतो, जसा (x − 1)² हा १ पाशी. तिथे चिन्ह बदलत नाही, त्यामुळे तोडलं काय अन् न तोडलं काय, उत्तर तेच. समीकरण हाताने सुटत नसेल, तर आलेख काढून वक्र अक्षाला कुठे छेदतो ते अंदाजे वाचावं आणि मगच आकडेमोडीला हात घालावा.