आठ फूट खोल, पण कुठे? खानदेशात ढोर पुरण्याची पार्श्वभूमी

खानदेशात मेलेलं ढोर पुरणं ही काही फार जुनी रीत नाही. पूर्वी ते गावाबाहेर ओढून नेणं हे महारांवर लादलेलं वतनी काम होतं. कातडं सोललं की बाकीचं गिधाडं काही तासांत साफ करत, उरत ती हाडं. 1927 साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडायला सांगितलं, त्यानंतर गावोगाव ढोरं ओढायलाही नकार मिळू लागला आणि 1958 च्या कायद्याने वतनंही संपली. जे कुणावर लादणंच चूक होतं, ते काम मालकाच्या दारात आलं. पुढे गिधाडंही गेली. ढोरांना दुखण्यावर टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंड निकामी होई. जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

मग ढोर नाल्यात ढकलायची सवय लागली. पावसाळ्यात ते सगळं खालच्या विहिरींकडे जातं, हे सांगायला नको.

पुरण्याकडे लक्ष वळलं ते साथींमुळे. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला आणि मारलेल्या लाखो कोंबड्या खड्ड्यांत गाडल्या गेल्या. 2022 च्या साथीत राज्यातला लम्पीचा पहिला रुग्ण ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यात चिनावलला निघाला. लम्पी माश्या-डासांनी पसरतो, म्हणून मढं उघडं ठेवून चालत नाही.

आता एका बैलाचा हिशेब पाहू. खड्डा आठ फूट लांब, पाच-सहा फूट रुंद, आठ फूट खोल. आडव्या पडलेल्या बैलाने दोन-अडीच फूट घेतले, तरी वर पाच फूट माती राहते. तळाला आणि अंगावर चुना टाकायचा. माती जमिनीबरोबर न आणता वर दोन फूट ढीग ठेवायचा, कारण मढं कुजलं की जमीन खचते. सपाट बुजवलेल्या खड्ड्याची पहिल्या पावसातच बशी होते, पाणी आत मुरतं आणि वासाने कुत्री उकरू लागतात.

पण हे आठ फूट सगळीकडे मिळत नाहीत. तापीकाठच्या गाळाच्या वावरात जेसीबी तासाभरात उतरतो. साक्रीकडच्या माळावर तीन-चार फुटांवर मुरूम, मग खडक. तिथे अर्धवट खोदून पुरलं, तर खडकाच्या भेगांतून घाण सरळ विहिरीत जाते. अशा वेळी ढोर ताडपत्रीत गुंडाळून खोल मातीच्या जागी नेलेलं बरं. सातपुड्याच्या पायथ्याचा गोटे-वाळूचा पट्टाही फसवा आहे: खोदायला सोपा, पण पावसाचं पाणी मुरून विहिरींना जातं ते तिथूनच. माझ्या मते विहिरीपासून शंभर मीटर तरी दूर जावं, उताराच्या खालच्या अंगाला. खोदताना तळाला ओल लागली, तर ती जागा सोडावी.

नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल आणि अंग ताठलं नसेल, तर फाशी म्हणजे अँथ्रॅक्स रोगाची शंका घ्यावी. अशा ढोराला सुरी लावू नये, कातडंही काढू नये. हवा लागली की रोगाचे बीजाणू तयार होतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. आधी पशुवैद्यकाला बोलवावं, मगच खड्डा.