शेंगदाण्यांच्या पाकिटावर शांपूचा नंबर

दादरच्या एका दुकानातून आणलेलं शेंगदाण्यांचं पाकीट शेजारच्या काकूंनी फोनवरच्या ॲपने स्कॅन केलं, तर पडद्यावर कुठल्याशा परदेशी शांपूचं नाव आलं. "बघ, माल बनावट आहे," म्हणाल्या. मग आली ती नेहमीची व्हॉट्सॲपी जोड: बारकोडचा नंबर ८९० ने सुरू झाला तरच भारतीय माल. दोन्ही चूक. ८९० एवढंच सांगतं की कंपनीने नंबर जीएस१ इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय. माल कुठे बनला ते त्यात नसतं.

आणि नावही नसतं. बारकोडमध्ये असतात फक्त तेरा आकडे. 'शेंगदाणे' हा शब्द दुकानाच्या संगणकातल्या यादीत असतो आणि नंबर म्हणजे त्या यादीतली जागा.

त्यातला शेवटचा आकडा मात्र भारी चीज आहे. नमुन्याला ८९०१२३४५६७८९० घ्या. शेवटचा शून्य बाजूला ठेवून डावीकडून एकाआड एक आकडे मिळवा: ८+०+२+४+६+८ म्हणजे २८. उरलेले ९+१+३+५+७+९ म्हणजे ३४, त्याची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढच्या दशकापर्यंत जायला काही लागत नाही, म्हणून शेवटी ०. आता कुणी ७ च्या जागी १ टाइप केला, तर बेरीज ११२ होते, शेवटी ८ हवा होता, आणि यंत्र नंबर नाकारतं.

तिप्पटच का? दुप्पट असती तर २ च्या जागी ७ आल्यावर फरक बरोबर दहाचा पडला असता आणि चूक गुपचूप निसटली असती. तीनने गुणल्यावर एका आकड्याची कुठलीही चूक दहाच्या पटीत बसत नाही. शेजारचे दोन आकडे उलटे झाले तरी बहुतेकदा पकडले जातात. पण १ आणि ६ सारखी पाचाच्या फरकाची जोडी उलटली, तर सुटते: १+१८ म्हणजे १९, ६+३ म्हणजे ९, शेवटचा आकडा तोच!

ही तपासणी फक्त आकड्यांची. दुकानात कुणी तूरडाळीच्या नंबरापुढे चणाडाळ लिहून ठेवली, तर नंबर शंभर टक्के बरोबर आणि बिल चूक. म्हणून बिलावरचं नाव आणि वजन पाकिटाशी ताडून बघा. कंपनीच्या मालाचा नंबर 'व्हेरिफाइड बाय जीएस१' या पानावर टाकला, तर कंपनीने नोंदवलेलं नाव दिसू शकतं.

काकूंच्या पाकिटावर नंबर २१ ने सुरू होत होता. २० ते २९ ने सुरू होणारे नंबर दुकानांना आपापल्या वापरासाठी मोकळे असतात. सुटा माल तिथेच पाकिटात भरला की दुकान स्वतःच नंबर देतं, आणि तोच नंबर दुसऱ्या देशातलं दुकान शांपूला देऊ शकतं. ॲपच्या यादीत बहुधा तेच शिरलं होतं. संध्याकाळी काकू पाकीट घेऊन पुन्हा त्याच काउंटरवर गेल्या. तिथे पडद्यावर आलं: शेंगदाणे, ५०० ग्रॅम.