इंटरव्ह्यूसाठी सूट, शर्ट आणि टायची रंगसंगती

नोकरीच्या इंटरव्ह्यूला जाताना सूट, शर्ट आणि टाय या तिघांचे रंग एकमेकांशी जुळवणं, असा याचा सरळ अर्थ. आपल्याकडे हे बहुतेकांना पहिल्यांदा कॉलेजच्या प्लेसमेंटच्या वेळी करावं लागतं, त्यातही एमबीए, बँकिंग, हॉटेल मॅनेजमेंटवाल्यांना जास्त. सॉफ्टवेअरच्या बऱ्याच कंपन्यांत आता टाय कोणी विचारत नाही, तिथे नुसता फॉर्मल शर्ट-पँट चालून जातो.

लोक विचारतात की कोणत्या रंगावर कोणता रंग जातो, पण खरी गोम रंगात कमी आणि गडद-फिक्यात जास्त आहे. तीन पायऱ्या डोक्यात ठेवायच्या. सूट सगळ्यात गडद, शर्ट सगळ्यात फिका, आणि टाय दोघांच्या मधे पण सुटाच्या बाजूला झुकलेला. असं केलं की कोटाच्या दोन गडद बाजूंमधे शर्टाचा उजळ त्रिकोण तयार होतो, त्यात टायची गडद रेघ उतरते, आणि समोरच्याची नजर त्या त्रिकोणावरून आपोआप चेहऱ्याकडे जाते. टाय शर्टापेक्षा फिका झाला की हे सगळं उलटं होतं, काळ्या शर्टावर चंदेरी टाय घातलेला माणूस ऑर्केस्ट्रातला गायक वाटतो तो यामुळेच.

सुरुवात सुटापासून करायची, कारण तो एकच असतो आणि महाग असतो, शर्ट-टाय नंतर बदलता येतात. नेव्ही ब्लू किंवा चारकोल ग्रे, यापलीकडे पहिल्या सुटासाठी फार बघायची गरज नाही. काळा सूट चालत नाही असं नाही, पण तो रात्रीच्या समारंभाचा रंग आहे, दिवसाउजेडी पांढऱ्या शर्टावर तो कडक दिसतो आणि हॉटेलातल्या स्टाफची आठवण करून देतो. नेव्हीचं तसं होत नाही, तो काळ्याइतका गंभीर असूनही चेहऱ्यावर कडकपणा आणत नाही.

इथे एक फसगत हमखास होते. दुकानातल्या पिवळ्या लाइटखाली गडद नेव्ही आणि काळा यांत फरक कळत नाही, कारण त्या उजेडात निळा भागच कमी असतो, मग कापडातला निळा दिसणार कुठून. त्यामुळे ताका उचलून दुकानाच्या दाराशी न्यायचा आणि बाहेरच्या उजेडात काळ्या बुटाशेजारी धरून बघायचा, लक्ष्मी रोडवर जुने गिऱ्हाईक हेच करतात आणि दुकानदारही काही बोलत नाही. दुसरी फसगत म्हणजे घरात नेव्ही ब्लेझर आहे म्हणून नुसती नेव्ही पँट शिवून घेणं. दोन वेगळ्या ताक्यांतला निळा कधीच तंतोतंत जुळत नाही आणि जवळजवळ जुळलेला रंग न जुळलेल्यापेक्षा जास्त खटकतो, लोकांना वाटतं सूट घालायला गेला आणि जमलं नाही. अशा वेळी खाली सरळ ग्रे पँट घालावी, म्हणजे ते मुद्दाम केलेलं दिसतं.

शर्ट पांढरा किंवा अगदी फिका आकाशी. पांढरा म्हणजे पांढरा, क्रीम नाही. नव्या पांढऱ्या कापडात बऱ्याचदा एक रसायन असतं जे उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत टाकतं म्हणून ते झगझगीत दिसतं, धुऊन धुऊन ते कमी झालं की तोच शर्ट पिवळट वाटायला लागतो. नीळ घातली की तो पिवळेपणा झाकला जातो, पण जास्त झाली की निळे डाग पडतात, आणि गडद सुटाच्या शेजारी ते लगेच उठून दिसतात. आकाशी शर्टाचा तोटा घामाचा. मुंबईत मे महिन्यात लोकलमधून उतरून कोट चढवणाऱ्याने पांढराच घालावा, ओल आकाशीवर जास्त दिसते.

टाय मरून, गडद निळा किंवा बाटलीसारखा गडद हिरवा, चकाकी शक्य तेवढी कमी. चकाकी हा रंगाचाच प्रश्न आहे, कारण सॅटिनचा टाय लाइटखाली जिथे वाकतो तिथे पांढरा पडतो, म्हणजे मरून घेतला तरी समोरच्याला गाठीवर गुलाबी पट्टा दिसतो. डिझाइन असेल तर बारीक ठिपके किंवा तिरपे पट्टे. शर्टावर रेघा असल्या तर टायवरचं डिझाइन त्या रेघांपेक्षा स्पष्टपणे मोठं हवं, दोन्ही सारख्याच मापाचं झालं की बघणाऱ्याचे डोळे दुखतात. तिरप्या पट्ट्यांबद्दल एक गंमत, ब्रिटनमधे ठरावीक रंगांचे पट्टे म्हणजे एखाद्या रेजिमेंटची, शाळेची किंवा क्लबची खूण असते, त्यामुळे तिकडे इंटरव्ह्यू असेल तर असा टाय टाळलेला बरा, नाही तर समोरचा विचारायचा कोणत्या सालचे तुम्ही. आपल्याकडे हा प्रश्न नाही.

आता एक प्रत्यक्षातलं उदाहरण. माझ्या मामेभावाचा बँकेचा इंटरव्ह्यू होता आणि त्याच्याकडे ताईच्या लग्नात शिवलेला गडद निळा सूट, क्रीम शर्ट आणि डब्यातून आलेला सोनेरी टाय, सोबत त्याच कापडाचा रुमाल. आरशात त्याला सगळं मस्त वाटत होतं. मी खिडकीपाशी उभा करून फोनवर त्याचा फोटो काढला आणि एडिटमधे जाऊन ब्लॅक अँड व्हाइट केला. रंग गेल्यावर शर्ट आणि टाय एकाच राखाडीचे झाले, गाठ कुठे संपते आणि कॉलर कुठे सुरू होते तेच कळेना. तो म्हणाला, "दादा, हे तर टाय घातलेलाच दिसत नाहीये." रंगात सोनेरी आणि क्रीम वेगळे होते, पण फिकेपणात एकच पायरी. मग सूट तोच ठेवला, शर्ट पांढरा घेतला आणि माझा जुना मरून टाय दिला, बारीक ठिपक्यांचा. परत तसाच फोटो काढला तर तीन राखाडी स्वच्छ वेगळे, जवळजवळ काळा, मधला आणि पांढरा. रुमाल काढून टाकला, टाय आणि रुमाल एकाच कापडाचे असले की नवरीचा भाऊ वाटतो, आणि तो खरंच होता तसा, पण बँकेत ते कशाला.

बाकी गोष्टी पटकन आटपतात. बूट आणि पट्टा एकाच रंगाचे, चारकोलवर काळे, नेव्हीवर काळे किंवा गडद ब्राऊन. मोजे पँटीच्या रंगाचे आणि एवढे लांब की बसल्यावर पाय उघडा पडू नये, पांढरे मोजे नकोच. टायचं टोक पट्ट्याच्या बक्कलाला टेकलेलं, कारण आखूड राहिला तर मधे शर्टाचा एक पांढरा तुकडा उघडा पडतो आणि सगळी नजर पोटावर जाते.

व्हिडिओ इंटरव्ह्यूत हिशोब जरा बदलतो. कॅमेरा आपोआप उजेड ठरवतो, त्यामुळे मोठा पांढरा शर्ट दिसला की तो सगळं चित्र अंधारं करतो आणि चेहरा काळवंडतो, कोट काढून बसलं तर जास्तच. तिथे फिका आकाशी बरा. बारीक रेघांचा शर्ट मात्र घालू नये, स्क्रीनवर त्या रेघा वळवळायला लागतात, आणि हे आपल्याला आरशात कधीच दिसत नाही, आदल्या दिवशी मित्राला कॉल लावून बघितलं तरच कळतं.