खरेदी आणि परत मिळणाऱ्या पैशांची शाब्दिक उदाहरणे (इयत्ता चौथी)

बाजारातली खरेदी, तिचा एकूण खर्च आणि दुकानदाराकडून परत मिळणारी रक्कम यांवर बेतलेली, सोप्याकडून अवघडाकडे लावलेली गणिते. चौथीच्या मुलाला चारही क्रिया येत असतात. या उदाहरणांत कोणती क्रिया कधी करायची हे त्याला स्वतः ठरवावे लागते. म्हणून उदाहरणांचा क्रम संख्या किती मोठी आहे यावर लावून चालत नाही. वाक्यात न सांगितलेल्या किती पायऱ्या मुलाने ओळखायच्या आहेत, त्यावर तो लावावा लागतो. ‘५०० रुपयांतून ३८७ रुपये खर्च झाले, किती उरले?’ यात संख्या मोठ्या असल्या तरी पायरी एकच आहे. ‘१५ रुपयांची एक अशा तीन जुड्या घेऊन ५० रुपयांची नोट दिली, किती परत मिळाले?’ यात संख्या लहान आहेत, पण पायऱ्या दोन आहेत आणि पहिलीचा प्रश्नात उल्लेखही नाही.

क्रम लावण्याची सोयीची रीत म्हणजे भावफलक एकच ठेवायचा आणि प्रश्न बदलत न्यायचा. समजा, फलकावर असे भाव आहेत : टोमॅटो ४८ रुपये किलो, गवार १०० रुपये किलो, मेथी १५ रुपये जुडी. पहिल्या पायरीला एक किलो टोमॅटो घेऊन १०० ची नोट द्यायची. ५२ रुपये परत येतात. दुसऱ्या पायरीला टोमॅटोबरोबर एक मेथीची जुडी घेतली की आधी बेरीज करावी लागते : खर्च ६३, परत ३७. तिसऱ्या पायरीला जुड्या तीन होतात. आता गुणाकारही आला : ४५ आणि ४८ मिळून ९३, परत ७. भाव तेच राहिल्यामुळे मुलाचे उत्तर चुकले तर नव्या पायरीनेच ते चुकवले, हे शिक्षकाला लगेच कळते. दर उदाहरणाला नवी वस्तू आणि नवा भाव आणला तर चूक आकडेमोडीची की समजेची, हे वेगळे काढणे कठीण जाते.

चौथी पायरी मापाची. भाव किलोचा आणि खरेदी पाव किलोची, हे मंडईतले रोजचे चित्र असले तरी कागदावर मुले इथेच सर्वाधिक अडखळतात. भागाकार करायचा आहे असे वाक्यात कुठेही लिहिलेले नसते. ‘पाव’ या शब्दातच चारने भागणे दडलेले असते. पूर्वीच्या पिढ्यांनी यासाठी पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी अशी कोष्टके पाठ केली होती. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे असल्यामुळे पाव-निम्म्याचा हिशेब त्यांत सहज बसत असे. १ एप्रिल १९५७ पासून रुपया शंभर पैशांचा झाला आणि ती कोष्टके शाळेतून हळूहळू मागे पडली. बोलण्यातले पाव, पाऊण, दीड, अडीच मात्र कायम आहेत. म्हणून या पायरीचे भाव चारने पूर्ण भाग जाणारे घ्यावेत आणि पाऊण किलोचे गणित पाव आणि अर्धा पक्के झाल्यावरच द्यावे.

या पायरीचे एक पूर्ण उदाहरण असे : सुनंदाने अर्धा किलो टोमॅटो, पाव किलो गवार आणि मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. भाजीवाल्या मावशींना तिने १०० रुपयांची नोट दिली. मावशींनी तिला किती रुपये परत दिले? टोमॅटोचे २४, गवारीचे २५, मेथीचे ३०. एकूण खर्च ७९, परत २१. मुलाने आधी बिल मांडावे : एका ओळीत एक वस्तू, तिच्यापुढे भाव, मग माप किंवा नग, आणि शेवटी किंमत. बेरीज फक्त शेवटच्या रकान्याची करायची. हा रकाना नसला की मूल भावांचीच बेरीज करून मोकळे होते.

उत्तर चुकले तर चुकीचा आकडाच सांगतो की गाडी कुठे अडली. ७९ लिहिणारे मूल खर्चाशीच थांबले. प्रश्न काय विचारतो हे त्याने पुन्हा वाचले नाही. ३६ लिहिणाऱ्याने मेथीची एकच जुडी धरली. ३१ लिहिणाऱ्याला पायऱ्या सगळ्या कळल्या आहेत, पण शंभरातून ७९ वजा करताना दशक सुटा केल्यावर दशकाच्या घरात नऊ उरतात हे तो विसरला. ३९ आले असेल तर त्याने एककातही शून्यातून नऊ जात नाहीत म्हणून नवातून शून्य वजा केले. ७८ हे उत्तर सर्वांत बोलके. त्या मुलाने अर्धा आणि पाव हे शब्द सोडून दिले, ४८, १०० आणि ३० यांची बेरीज १७८ केली आणि त्यातून १०० वजा केले. शंभराच्या नोटेत १७८ रुपयांची भाजी येणार नाही, हे त्याला खटकले नाही. अशा मुलाला वजाबाकीचा सराव देऊन उपयोग नाही. ‘दिलेल्या नोटेत एवढा माल येईल का?’ हा प्रश्न वजाबाकीआधी विचारण्याची सवय त्याला लावावी लागते.

यासाठी भाव ठरवतानाच चुकीची उत्तरे काढून पाहिली पाहिजेत. गवार १२० रुपये आणि मेथी १४ रुपये घेतली असती तर खरा खर्च २४, ३० आणि २८ मिळून ८२ झाला असता. आणि फलकावरचे तीन भाव जसेच्या तसे मिळवून १८२ करणारे, त्यातून १०० वजा करणारे मूलही ८२ वरच आले असते. एक मूल शेवटच्या पायरीला थांबलेले, दुसऱ्याला पहिलीच पायरी न उमगलेली, आणि वहीत उत्तर एकच. तपासणाऱ्याला ते दोघे सारखेच वाटतील. एखाद-दोन रुपयांचा फेरफार करून ही गल्लत टाळता येते.

परत द्यायची रक्कम बाजारात कुणी वजाबाकी करून काढत नाही. भाजीवाली ७९ पासून पुढे मोजते : एक रुपयाचे नाणे हातावर ठेवून ‘ऐंशी’, वीसची नोट ठेवून ‘शंभर’. दशक सुटा करण्याचा प्रश्नच येत नाही, आणि ३१ किंवा ३९ अशी चूक होऊच शकत नाही. ही रीत वर्गात आडवी रेघ आखून शिकवता येते. रेघेवर ७९, ८० आणि १०० लिहून वर उड्या दाखवायच्या. उड्यांची बेरीज हेच उत्तर. उभ्या मांडणीची वजाबाकी मुलाला यायलाच हवी, पण ताळा पुढे मोजून घेतला तर दोन्ही रीती एकमेकींना पक्क्या करतात.

या दोन रीतींमधली दरी अभ्यासकांनी मोजलीही आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना विचारलेल्या हिशेबांत त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, त्याच स्वरूपाच्या शाब्दिक उदाहरणांत ७४ टक्के आणि नुसत्या आकडेमोडीत ३७ टक्के. ३५ क्रुझेरोचा एक असे दहा नारळ केवढ्याला, हे त्यांतल्या बारा वर्षांच्या मुलाने शून्य जोडून सांगितले नाही. तीन नारळांचे १०५ धरून तो तीन-तीनने पुढे गेला आणि शेवटच्या नारळाचे ३५ मिळवून ३५० वर पोहोचला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यासही याच दिशेने जातो : ही मुले तोंडी व्यवहार अचूक करतात आणि शाळेच्या मांडणीत अडतात, तर शाळेत तरबेज असलेली मुले बाजारी हिशेबात अडतात. मुलाच्या घरी टपरी किंवा भाजीचा गाळा असेल तर त्याची तोंडी रीत खोडून काढण्याऐवजी ती फळ्यावर लिहून घ्यावी.

पाचवी पायरी उलट प्रश्नांची, आणि ती वगळली तर सारा क्रम लंगडा राहतो. ‘परत’ किंवा ‘उरले’ हा शब्द दिसला की वजाबाकी, असा अडाखा मुले फार लवकर बांधतात, कारण तोवरच्या प्रत्येक उदाहरणात तो खरा ठरलेला असतो. ‘मेथीच्या दोन जुड्या घेतल्यावर नंदूला २० रुपये परत मिळाले, तर त्याने किती रुपये दिले होते?’ इथे ‘परत’ आहे, पण क्रिया बेरजेची आहे. ‘सारख्या भावाचे तीन नारळ घेतले, १०० ची नोट दिली, १६ रुपये परत आले, एका नारळाची किंमत किती?’ इथे आधी ८४ आणि मग २८. १६ ला तीनने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे घाईने परत आलेल्या रकमेलाच भागणारे मूल बाकी उरल्यावर थबकते. अशी अडण्याची जागा संख्यांमध्ये मुद्दाम ठेवावी.

रुपयांबरोबर पैसेही असलेली उदाहरणे आता बेताने द्यावीत. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात राहिली नाहीत. ५० पैशांचे नाणे कायद्याने चालते, पण मंडईत ते फारसे दिसत नाही. लिहिण्यातली एक चूक मात्र पाहून ठेवावी : १२ रुपये ५ पैसे हे मुले १२.५ असे लिहितात आणि पुढे ते साडेबारा होतात. बिंदूनंतर दोन घरे भरायचीच, हे सांगितले की बहुधा पुरते.

सर्वांत वरची पायरी सुट्या पैशांची, आणि ती पुस्तकांत क्वचित येते. बिल ६८ रुपये. गिऱ्हाईक १०० ची नोट देते. दुकानदाराकडे दोनचे नाणे नाही, म्हणून तो म्हणतो, ‘तीन रुपये सुटे द्या.’ आता किती परत? अनेक मुले ३२ काढून त्यातून ३ वजा करतात आणि २९ सांगतात, कारण तीन रुपये खिशातून गेले आहेत. पण ते दुकानदाराच्या हातात गेले आहेत. त्याच्याकडे आता १०३ आहेत आणि त्याचे त्यांतले ६८ च आहेत. उत्तर ३५. हा प्रसंग तोंडी सांगून भागत नाही. कागदी नोटा आणि खडूच्या तुकड्यांची नाणी घेऊन दोन मुलांना समोरासमोर बसवावे आणि व्यवहार संपल्यावर दुकानदार झालेल्या मुलाला हातातली वाढ मोजायला सांगावी. ती ६८ भरली नाही तर कुणीतरी चुकले आहे. नंतर त्याच जोडीने ६३ रुपयांच्या बिलाला १०० बरोबर किती सुटे मागावेत हे स्वतः ठरवावे. तीन मागितले तर वीसच्या दोन नोटांत काम होते. दोन मागितले तर ३९ परत द्यावे लागतात आणि नाणी शोधणे काही टळत नाही.